चालता माणूस पुसला जातो, थांबलेला राहतो: व्हिडिओ इनपेंटिंगमधली नेहमीची अडचण

लक्षण असं असतं. शॉटमधून एक माणूस काढायचा आहे. मास्क, म्हणजे दर फ्रेममध्ये काढायच्या भागाची खूण, नीट झालेला असतो, प्रोसेस मध्ये कुठेही न अडता पूर्ण होते, आणि तो माणूस चालत असतानाचा भाग इतका स्वच्छ येतो की मूळ शॉट शेजारी ठेवल्याशिवाय फरक कळत नाही. मग तो एका जागी थांबतो. पहिला सेकंदभर सगळं ठीक असतं, आणि नंतर त्याच्या जागेवरची भिंत पाण्याखाली असल्यासारखी हलायला लागते, दाराच्या फळ्या एकमेकीत मिसळतात. तो निघायच्या सेकंद-दीड सेकंद आधी चित्र पुन्हा सावरतं. मास्क मोठा करा, पुन्हा चालवा, तेच होतं.

ही मास्कची चूक नाही. व्हिडिओ इनपेंटिंगचं मुख्य काम उसनवारीचं आहे. माणसामागची भिंत आधीच्या किंवा नंतरच्या फ्रेममध्ये उघडी दिसलेली असते, तिथून ती उचलून आणायची. चालणारा माणूस सेकंदाला साधारण सव्वा मीटर पुढे जातो आणि त्याचं अंग अर्धा मीटर रुंद असतं. म्हणजे २५ फ्रेमच्या व्हिडिओत दहाएक फ्रेममध्ये तो स्वतःची जागा मोकळी करतो, आणि उसनं आणायला दूर जावं लागत नाही. थांबलेला माणूस जागा सोडतच नाही. तुमचं टूल जितक्या फ्रेम मागे-पुढे पाहू शकतं, त्याहून तो जास्त वेळ थांबला, तर मागे काय आहे हे टूलला कळायचा मार्ग उरत नाही. मग ते अंदाज करतं, आणि दर फ्रेमला थोडा वेगळा अंदाज करतं. पाण्यासारखी हालचाल तिथून येते.

इथे प्रोपेंटर हे इनपेंटिंगचं टूल धरून लिहिलं आहे. ते २०२३ चं, फुकट मिळणारं आणि घरच्या ग्राफिक्स कार्डावर चालणारं आहे. एक गोष्ट आधीच सांगतो: त्याचा परवाना बिनव्यावसायिक वापरापुरता आहे. लग्नाचं किंवा जाहिरातीचं पैसे घेऊन केलेलं काम त्यावर करू नका.

एक शॉट घेऊन बघू

सदाशिव पेठेतला एक वाडा. पाऊस नुकताच थांबला आहे, फरसबंदी ओली आहे. गिंबलवर लावलेल्या फोनचा कॅमेरा अगदी सावकाश उजवीकडे सरकतोय. २० सेकंद, २५ फ्रेम, म्हणजे ५०० फ्रेम, १९२०×१०८०. फ्रेम ८० ला डावीकडच्या बोळातून छत्री घेतलेला एक गृहस्थ बाहेर येतो. १६० ला तो वाड्याच्या दरवाज्यासमोर थांबतो, फोन खिशात ठेवतो, छत्रीची अडकलेली कळ दोनदा दाबून ती उघडतो. ३६० ला निघतो आणि ४२० पर्यंत उजवीकडे उभ्या टेम्पोमागे दिसेनासा होतो. दरवाजा पूर्ण उघडा दिसतो तो १४५ च्या आधी आणि ३७५ च्या नंतर.

आता हिशोब करा. प्रोपेंटर मोठा व्हिडिओ तुकड्यांत घेतं. `--subvideo_length` ची ठरलेली किंमत ८० आहे आणि `--ref_stride` ची १०. त्यामुळे एखादी फ्रेम भरताना संदर्भाच्या फ्रेम तिच्या मागे ४० आणि पुढे ४० एवढ्याच टप्प्यातून घेतल्या जातात. फ्रेम २६० चं उदाहरण घ्या. तिला २२० ते ३०० दिसतं, आणि या सगळ्या पट्ट्यात आपले गृहस्थ दारासमोरच उभे आहेत. १८५ पर्यंतच्या फ्रेम कशाबशा मागे १४५ पर्यंत पोचतात, म्हणून पहिला सेकंद बरा जातो. मधल्या सव्वाशेहून जास्त फ्रेमना दाराची एकही उघडी प्रतिमा मिळत नाही.

याची आणखी एक खूण आहे. पॅच नुसता हलत नसेल, तर एखाद्या फ्रेमला एकदम उडी मारून बदलत असेल, तर त्या फ्रेमचा नंबर बघा. २४०, ३२० असा ८० च्या पटीत आला तर ती तुकड्यांची सीमा आहे.

साहजिकच मनात येतं की `--subvideo_length` थेट ५०० करावं. करून बघा, पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक म्हणजे मेमरी झपाट्याने वाढते. प्रोपेंटरच्याच तक्त्यात `--fp16` वापरून ८० फ्रेमसाठी ७२०×४८० ला ८ जीबी आणि १२८०×७२० ला २५ जीबी दिलेले आहेत. दुसरं म्हणजे फ्रेममधून फ्रेममध्ये पिक्सेल सरकवत नेण्याचा टप्पा कोडमध्ये १०० फ्रेमच्या तुकड्यांवरच थांबवलेला आहे, तुम्ही कितीही मोठा आकडा दिलात तरी. त्यामुळे दाराचा अंदाज सुधारतो, पण फळ्यांमधल्या फटी, खिळ्यांची डोकी, कडी असला बारकावा मऊच राहतो. ज्या शॉटमध्ये दारच पाहायचं आहे तिथे ते चालत नाही.

उपाय: थांबलेला भाग प्लेटने, चालता भाग इनपेंटिंगने

माणूस तीन सेकंदांहून जास्त एका जागी असेल, तर तेवढ्या तुकड्यासाठी मागची भिंत आपण हाताने पुरवायची. अशी पुरवलेली स्वच्छ प्रतिमा म्हणजे प्लेट. तो थेट कॅमेऱ्याकडे चालत येत असेल तर त्यालाही थांबलेलाच समजा, कारण पावलं पडत असली तरी पडद्यावरची जागा तो सोडत नाही. आणि कॅमेरा ट्रायपॉडवर असेल तर इनपेंटिंगच्या वाटेला जाऊच नका. स्वच्छ फ्रेममधला तुकडा त्या जागी ठेवला की काम संपतं, आणि ते कुठल्याही मॉडेलपेक्षा चांगलं दिसतं.

आपला कॅमेरा सरकतोय, म्हणून तुकडा दारासोबत सरकायला हवा. त्यासाठी ब्लेंडर पुरतं. फ्रेम १४० स्वच्छ आहे, गृहस्थ अजून भिंतीपाशी आहेत. मूव्ही क्लिप एडिटरमध्ये दाराच्या चौकटीच्या चार कोपऱ्यांवर चार मार्कर ठेवा आणि १४० ते ३८० ट्रॅक करा. उघडलेली छत्री चौकटीच्या वरच्या कोपऱ्यावर येत असेल, तर तो मार्कर तिथून हलवून चौकटीवरच्या गणेशपट्टीच्या कडेला न्या. चार मार्कर निवडून `Create Plane Track` द्या. मग फ्रेम १४० मधला तोच चौकोन गिंपच्या पर्स्पेक्टिव्ह टूलने सरळ करून वेगळी प्रतिमा म्हणून साठवा, आणि कंपोझिटरमध्ये `Plane Track Deform` नोडला ती जोडा. ती प्रतिमा फक्त मास्कच्या आत दिसेल असं ठेवा. बाहेर मूळ व्हिडिओच राहू द्या.

इथे वाड्यांच्या बाबतीत एक गोष्ट हमखास चुकते. दार भिंतीच्या पृष्ठभागावर नसतं, जाड भिंतीत आत घेतलेलं असतं. दोन मार्कर चौकटीवर आणि दोन बाहेरच्या भिंतीवर ठेवले, तर कॅमेरा सरकताना दार उंबऱ्यावरून घसरल्यासारखं दिसतं. चारही मार्कर एकाच पातळीवरचे हवेत. फरसबंदी ही आणखी वेगळी पातळी, तिचा तुकडा वेगळा, तिचे मार्कर वेगळे. उंबरा हाच दोन तुकड्यांचा जोड ठेवलात तर जोड दिसत नाही, कारण तिथे मुळातच एक रेघ आहे.

प्लेट १६० ते ३६० या फ्रेमना लावून झाली की त्या फ्रेमचे मास्क पूर्ण काळे करा, म्हणजे तिथे काहीच भरायचं उरत नाही. मग सगळा क्रम प्रोपेंटरला द्या. उरलेल्या चालत्या फ्रेमना आता दोन्ही बाजूंनी स्वच्छ दार मिळतं. क्रम उलटा करू नका. आधी इनपेंटिंग केलंत, तर १६० च्या अलीकडच्या फ्रेमना पुढच्या बाजूला स्वच्छ दार मिळत नाही.

आफ्टर इफेक्ट्सच्या कंटेंट-अवेअर फिलमध्ये `Create Reference Frame` असतं ते याच कारणासाठी. एक फ्रेम हाताने साफ करून दिली की बाकीच्या फ्रेम तिच्यावरून घेतल्या जातात. दाविंची रिझॉल्व्ह स्टुडिओच्या ऑब्जेक्ट रिमूव्हलमध्येही क्लीन प्लेट देता येते. टूल कुठलंही असो, आधी विचारायचा प्रश्न एकच: मागची जागा कुठल्या फ्रेममध्ये उघडी आहे, आणि टूल तिथपर्यंत पोचतं का?

माणूस गेला, पण भूत राहिलं

वरचं सगळं जमलं तरी चालत्या भागात कधीकधी जमिनीवर एक काळसर छटा सरकताना दिसते. सॅम २ सारख्या मास्क काढणाऱ्या टूलने माणसावर क्लिक केलं की ते माणूस धरतं, छत्रीही बहुतेक वेळा धरतं. ओल्या फरशीतलं त्याचं प्रतिबिंब मात्र धरत नाही. पावसाळी ढगाळ उजेडात सावली जवळजवळ नसते, पण प्रतिबिंब असतं, आणि ते पायांपासून खाली बरंच लांब जातं. त्याच्यासाठी दुसरी वस्तू म्हणून वेगळं क्लिक करा आणि दोन्ही मास्क एकत्र करा. नोव्हेंबर-डिसेंबरच्या सकाळी हाच त्रास लांब सावलीने होतो. सावलीची कड मऊ असते, म्हणून तिचा मास्क दिसते त्याहून १५-२० पिक्सेल बाहेर घ्यावा लागतो.

मास्कबाहेर राहिलेल्या तुकड्याचं नुकसान दुप्पट असतं. तो नुसता दिसत नाही. प्रोपेंटरच्या लेखी मास्कच्या बाहेरचं सगळं खरं असतं. त्यामुळे राहिलेली बुटाची कड किंवा प्रतिबिंबातल्या शर्टाचा निळा रंग शेजारच्या फ्रेममध्ये भिंत म्हणून नेला जातो. एखाद्याच फ्रेममध्ये मास्क तुटला असेल, तर आजूबाजूच्या चार-पाच फ्रेम निळसर होतात. त्यामुळे डाग दिसला की तो जिथे सर्वांत गडद आहे ती फ्रेम शोधा. चूक तिथेच असते, बाकीच्या फ्रेम पुसत बसू नका.

असे तुटलेले मास्क डोळ्यांनी शोधण्यापेक्षा मोजून शोधावेत:

```python
import cv2, glob
for f in sorted(glob.glob("mask/*.png")):
    print(f, (cv2.imread(f, 0) > 127).sum())
```

आकडे सावकाश बदलायला हवेत. ३८,०००, ३८,४००, मग एकदम २९,००० आणि परत ३८,००० असं आलं, तर त्या मधल्या फ्रेममध्ये छत्री किंवा एक पाय सुटलेला आहे. प्लेट लावलेल्या फ्रेमना शून्य येईल, ते बरोबर आहे.

पुसलेल्या माणसाच्या कडेला झालर राहिली असेल, तर ती कुठल्या बाजूला आहे तेही बघा. चारी बाजूंनी सारखी असेल तर मास्क घट्ट आहे. `--mask_dilation` ४ वरून ८ करा. फक्त चालण्याच्या दिशेला, म्हणजे माणूस उजवीकडे जाताना उजव्याच कडेला असेल, तर मास्क एक फ्रेम मागे आहे. प्रोपेंटर फोल्डरमधल्या फाइल नावाच्या क्रमाने जुळवतं, नंबर वाचत नाही. मास्कच्या फोल्डरमध्ये सुरुवातीला एक फाइल जास्त आली आणि शेवटची एक गळली की सगळे मास्क एक घर सरकतात. अशा वेळी मास्क फुगवून झालर झाकता येते, पण मग मागच्या बाजूला विनाकारण भिंत खाल्ली जाते. फाइल मोजा, दोन्हीकडे ५०० हव्यात, आणि दोन्हीकडची पहिली फाइल एकाच फ्रेमची आहे ना तेही बघा.

चालवणं आणि परत जोडणं

पूर्ण फ्रेम देऊ नका. माणूस आणि त्याचं प्रतिबिंब ज्या चौकोनात मावतं तेवढाच कापा, भोवती शंभरेक पिक्सेल मोकळे ठेवा, रुंदी-उंची ८ ने भागली जाईल अशी घ्या. आपल्या शॉटमध्ये बोळाच्या तोंडापासून टेम्पोपर्यंत ८००×६४० पुरतं. प्लेट लावून ब्लेंडरमधून निघालेली फाइल `plate.mov` धरली तर:

```
ffmpeg -i plate.mov -vf "fps=25,crop=800:640:480:400" -start_number 0 crop/%05d.png
python inference_propainter.py --video crop --mask mask --fp16 --mask_dilation 4 --save_fps 25 --save_frames
```

मास्कही त्याच चौकोनाचे हवेत. मेमरी अपुरी पडली तर `--subvideo_length 50` द्या. प्लेट लागल्यामुळे आता लांब पाहायची गरज नाही, चालत्या माणसाला तेवढं पुष्कळ होतं. `--save_fps` विसरू नका. फ्रेमचं फोल्डर दिलं की प्रोपेंटर मूळ वेग ओळखू शकत नाही आणि व्हिडिओ २४ फ्रेमने लिहितं. ५०० फ्रेमला २० सेकंदांऐवजी जवळजवळ २१ सेकंद होतात, आणि आवाज शेवटाकडे घसरत जातो. फोनच्या शॉटमध्ये मुळातच फ्रेमचा वेग कमीजास्त असतो, म्हणून वरचं `fps=25` ब्लेंडरमध्ये नेण्याच्या आधीच एकदा लावून घ्यावं.

चालवल्यावर `results/crop` मधली `masked_in.mp4` आधी उघडा. तिच्यात मास्क हिरवा दाखवलेला असतो. हिरव्याच्या बाहेर काय राहिलंय ते बघितल्याशिवाय निकालाची फाइल बघण्यात अर्थ नाही.

परत जोडताना:

```
ffmpeg -i plate.mov -framerate 25 -start_number 0 -i results/crop/frames/%04d.png \
 -filter_complex "[0:v]fps=25[a];[1:v]scale=out_color_matrix=bt709:out_range=tv,format=yuv420p[b];[a][b]overlay=480:400" \
 -c:v libx264 -crf 16 -c:a copy out.mov
```

मधला `scale` चा तुकडा अनावश्यक वाटतो, आणि तो गाळला की एक चमत्कारिक दोष येतो: दाराभोवती ८००×६४० चा सगळा चौकोन किंचित वेगळ्या रंगाचा दिसतो, विटांच्या लालसर भागात जास्त. याचं कारण पीएनजीतले आरजीबी रंग परत व्हिडिओत नेताना एफएफएमपेग जुन्या एसडी टीव्हीचं गणित वापरतं, आणि मूळ एचडी शॉट वेगळ्या गणिताने लिहिलेला असतो. त्यामुळे रंगाचा फरक दिसला की त्याचा आकार बघा. फरक चौकोनी असेल तर दोष या जोडणीत आहे. माणसाच्या आकाराचा असेल तर दोष उजेडात आहे, आणि त्याचा उपाय पूर्ण वेगळा.

उजेडाचा दोष आपल्या शॉटमध्ये येणारच, कारण ढग सरकतायत आणि फोनचं ऑटो एक्स्पोजर त्यांच्यामागे धावतंय. प्लेट फ्रेम १४० ची आहे, ती फ्रेम २६० मध्ये लावली. दाराच्या वरच्या आडव्या लाकडावर मास्कबाहेरची एक जागा निवडा आणि दोन्ही फ्रेममध्ये तिथली सरासरी मोजा. समजा १४० मध्ये ती ९२ आली आणि २६० मध्ये १०४. १०४ भागिले ९२ म्हणजे १.१३, एवढ्या पटीने प्लेट त्या फ्रेमला उजळ करायची. दर २० फ्रेमला एक असं मोजून कीफ्रेम टाकले तर २०० फ्रेमसाठी अकरा मापं पुरतात. लाल, हिरवा, निळा तिन्ही वेगवेगळे मोजा, कारण फोन उजेडासोबत व्हाइट बॅलन्सही हलवतो. चित्रीकरणाच्या वेळी एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक केले असतील तर या सगळ्यातून सुटका होते.

आणखी एक गोष्ट उरते, ती मोठ्या पडद्यावर दिसते. प्लेट एकाच फ्रेमची असल्यामुळे तिच्यातला ग्रेन गोठलेला असतो. आजूबाजूची भिंत सूक्ष्म सळसळत असते आणि मधला माणसाच्या आकाराचा तुकडा निपचित पडलेला असतो. थांबवलेल्या चित्रात हे कधीच सापडत नाही, चालू व्हिडिओत दोनशे टक्के मोठं करून बघितलं की लगेच सापडतं. प्लेटमधला ग्रेन आधी हलक्या डीनॉइझने काढा आणि मास्कच्या आत नवा, दर फ्रेमला बदलणारा ग्रेन द्या. एफएफएमपेगमध्ये `noise=alls=5:allf=t` पासून सुरुवात करा आणि शेजारच्या भिंतीशी जुळेपर्यंत आकडा कमीजास्त करा. `t` नसेल तर ग्रेन पुन्हा गोठलेलाच राहतो.

टेम्पोमागे जातानाच्या शेवटच्या पंधरा-वीस फ्रेम मात्र हाताने बघा. तिथे माणूस मागे आहे आणि टेम्पो पुढे. फुगवलेला मास्क टेम्पोच्या कडेवर चढतो आणि हौद्याची सरळ कड वाकडी होते. ब्लेंडरमध्ये टेम्पोचा एक साधा चारकोनी मास्क काढून तो माणसाच्या मास्कमधून वजा करा. हे `--mask_dilation` च्या आधी केलं तर फुगवताना मास्क परत टेम्पोवर चढतो. म्हणून सगळे मास्क आधी स्वतः ४ पिक्सेलने फुगवा, मग टेम्पो वजा करा, आणि प्रोपेंटरला `--mask_dilation 0` द्या.